एक पोतं मीठ

मागच्या श्रावणातली गोष्ट. मंगळवार होता, चार वाजले होते आणि काका नेहमीप्रमाणे जिना चढून धापा टाकत आले. हातात खाऱ्या दाण्यांची पुडी, छत्री दाराबाहेर उलटी करून ठेवलेली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. काका आत आले तसं बाबांनी मान वळवली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी सभ्यपणे, घरी आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आपण कोण?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचं गाळणं. एकतीस वर्षं दोघं एका मशीन शॉपमधे शेजारी शेजारी उभे होते, रिटायर झाल्यावर आणखी चौदा वर्षं एकाच कट्ट्यावर बसले, आणि या सगळ्या काळात मी बाबांच्या तोंडून काकांसाठी "अरे" सोडून दुसरं काही ऐकलेलं नाही. "अरे गाढवा" ऐकलंय, "तू गप रे" ऐकलंय. "आपण" कधीच नाही. मला वाटलं काका आता म्हणतील, अरे मी, असं काय करतोस. आम्ही सगळे तेच करत होतो तेव्हा, बाबा मी कोण सांगा, आठवा बरं, हा फोटो बघा. काका एक क्षण थांबले. मग पुडी खिशात टाकली, हात जोडले आणि म्हणाले, "मी इथं जवळच राहतो. बसू का जरा आपल्याबरोबर?" बाबा म्हणाले, "बसा की." आणि काका बसले.

मला राग आला होता. खरंच आला होता. इतकी वर्षांची मैत्री आणि हा माणूस एका वाक्यात ती सोडून देतो, अनोळखी व्हायला तयार होतो, असं वाटलं. तो दिवस मनातून जाईना. रात्री भांडी आवरताना, ऑफिसच्या बसमधे, तो "आपल्याबरोबर" हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू यायचा.

बीएला माझा तत्त्वज्ञान विषय होता. ग्रीकांचा पेपर होता आणि त्यात प्रेमाचे शब्द आले होते, एरोस, फिलिया, अगापे. परीक्षेला आम्ही ते तीन खणांत लिहायचो. एरोस म्हणजे शारीरिक ओढ, फिलिया म्हणजे मैत्री, अगापे म्हणजे निरपेक्ष प्रेम, खाली रेघ मारून पुढचा प्रश्न. नेटवर अजूनही असंच असतं, तीन रंगांचे तीन चौकोन. श्रावणातल्या त्या मंगळवारनंतर मी माळ्यावरून ॲरिस्टॉटलचं पुस्तक काढलं, इंग्रजी भाषांतर, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि त्यातली मैत्रीवरची दोन प्रकरणं परत वाचली. 'निकोमाखियन एथिक्स'ची एकूण दहा पुस्तकं म्हणजे दहा भाग आहेत, आणि त्यातले दोन अख्खे, आठवा आणि नववा, फक्त फिलियासाठी. न्यायाला एक भाग आणि मैत्रीला दोन. कॉलेजात हे लक्षातच आलं नव्हतं.

आणि तो फिलिया हा शब्द मैत्रीपेक्षा खूपच मोठा आहे हेही तेव्हा कळलं नव्हतं. ॲरिस्टॉटल त्यात नवरा-बायको घालतो, आईबाप आणि मुलं घालतो, एका जहाजावरून प्रवास करणारे, एका तुकडीत लढलेले सैनिक, सगळे. त्याची अट साधी आहे. तो वाइनचं उदाहरण देतो. माणसाला वाइन आवडते, पण वाइनचं भलं व्हावं असं कोणी म्हणत नाही, फार तर ती टिकावी असं वाटतं, तेही आपल्याला प्यायला मिळावी म्हणून. माणसाच्या बाबतीत मात्र त्याचं भलं व्हावं असं त्याच्यासाठी वाटायला हवं. एवढं झालं की ती झाली नुसती सदिच्छा. फिलिया कधी, तर ती सदिच्छा दोन्हीकडून असेल तेव्हा, आणि दोघांना एकमेकांची ती माहीत असेल तेव्हा. ही शेवटची अट मी दोनदा वाचली. दोघांना माहीत असायला हवं. आमच्या घरात तर एकाला आता समोरचा कोण हेच माहीत नव्हतं.

म्हणजे ॲरिस्टॉटलच्या हिशोबानं दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता जे चालतं ते काय आहे?

त्याच भागात पुढे मिठाची गोष्ट येते. मैत्रीची इच्छा पटकन होते पण मैत्री पटकन होत नाही, असं सांगताना तो एक तेव्हाची म्हण देतो, की बरोबर मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस मिठाला जागतो, म्हणजे बांधला जातो, उपकार मानतो. त्यांच्याकडे मीठ खाणं म्हणजे वेळ. त्याच्या दुसऱ्या पुस्तकात, 'युडेमियन एथिक्स'मधे, त्या मिठाचं मापसुद्धा आहे, मेदिम्नोस. हे धान्य मोजायचं माप, अथेन्सच्या पद्धतीनं साधारण 52 लिटर. एवढं मीठ म्हणजे अंदाजे साठ किलो, मोठं भरलेलं पोतं.

मी हिशोब केला. एका जेवणात माणसाच्या पोटात चार-पाच ग्रॅम मीठ जातं असं धरलं तर दोघांचं मिळून दहा ग्रॅम. बाबा आणि काका वर्षातले तीनशे दिवस कंपनीच्या कँटीनमधे एका टेबलावर डबा उघडायचे. म्हणजे वर्षाला तीन किलो. एक पोतं संपायला वीस वर्षं. ते एकतीस वर्षं जेवले, म्हणजे दीड पोतं, आणि ते फक्त दुपारच्या डब्याचं, त्यात काकूंच्या हातचं लिंबाचं लोणचं नाही, आईच्या मिरगुंडांचा हिशोब नाही, रात्रपाळीतली भजी नाहीत. ज्यांना दोन पाहुणचारांत 'फ्रेंड' म्हणता येतं त्यांच्यासाठी ही म्हण नाहीच. वीस वर्षं रोज दुपारी समोर बसायचं, त्यातल्या निम्म्या दिवशी काही बोलायलाही नसतं, कधी एकाची बदली रखडलेली असते, कधी दुसऱ्याच्या घरी आजारपण असतं, डब्यात तीच गवारीची भाजी असते, आणि तरी टेबल बदलायचं नाही. मीठ असं संपतं.

ॲरिस्टॉटल तीन तऱ्हेच्या मैत्र्या सांगतो, उपयोगाची, मजेची आणि चांगुलपणाची. पहिल्या दोन तुटतात कारण उपयोग संपतो किंवा मजा संपते, त्यात तो कोणाला दोष देत नाही, माझ्या मते हे त्याचं मोठेपण आहे. ऑफिस बदललं की ज्यांचे फोन बंद होतात ती माणसं खोटी होती असं नाही, ती मैत्री त्या जागेची होती. बाबांच्या कंपनीतले बाकीचे सात-आठ जण सुरवातीला भेटायला यायचे, मग सणासुदीला, मग नाहीच. मी त्यांच्यावर चिडून होते. आता चिडत नाही. बाबा गमती सांगायचे, नक्कल करायचे, म्हणून ते यायचे, आणि बाबांच्या गमती संपल्या. पण मग काकांचं काय? उपयोग काही नाही. मजा तर अजिबात नाही, तेच चार प्रश्न, पाऊस आहे का, गाडी किती वाजता, चावी कुठे ठेवली, आपण कोण. आणि तिसरी, चांगुलपणाची मैत्री, तिला ॲरिस्टॉटल म्हणतो एकत्र राहणं हवं, आणि माणसांचं एकत्र राहणं म्हणजे बोलणं आणि विचार वाटून घेणं, एका कुरणात चरणाऱ्या गुरांसारखं नव्हे. हे वाक्य मला लागलं. कारण कोणी दारातून पाहिलं तर आमच्या खिडकीपाशी तेच दिसेल, दोन म्हातारे शेजारी शेजारी, दाणे चघळतायत, बाहेर बघतायत, बोलणं नाही.

पण मी ते जवळून पाहिलंय. बाबांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि खारे दाणे त्यांना फार आवडतात. काका पुडी उघडतात, मांडीवर रुमाल पसरतात, एकेक दाणा दोन बोटांत धरून चोळतात, साल निघतं, मीठ निघतं, मग हलकी फुंकर मारतात आणि तो दाणा बशीत ठेवतात. काकांची उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच आहे, कधीतरी मशीनवर गेलेली, त्यामुळे ते अंगठा आणि मधल्या बोटानं चोळतात. दाणा जीभेवर ठेवला तर चव खारी लागते पण मीठ जवळपास नसतंच, मी खाऊन पाहिलाय. पंधरा-वीस दाणे झाले की बशी बाबांच्या हाताशी सरकवतात. तासाभरात एवढंच होतं. याला चरणं म्हणायला मी तयार नाही, ॲरिस्टॉटलनं म्हटलं तरी.

आणि खरं म्हणजे त्यानंही नाही म्हटलं. नवव्या भागात त्यानं एक प्रश्न घेतलाय जो मला वाटतं आमच्याच घरासाठी घेतलाय. मैत्री केव्हा तोडावी, हा मुद्दा चाललेला असतो. तो विचारतो, समजा दोन मित्रांतला एक आहे तसाच राहिला आणि दुसरा खूप पुढे गेला, म्हणजे एकाची बुद्धी लहान मुलाची राहिली आणि दुसरा पूर्ण माणूस झाला, तर ते मित्र राहू शकतात का? आणि उत्तर देतो की नाही, कसे राहतील, दोघांना एकाच गोष्टीत आनंद नाही, एकाच गोष्टीचं दुःख नाही. इथवर वाचून मला वाटलं, झालं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो. मग काय, जणू कधी मैत्री नव्हतीच असं वागायचं का त्याच्याशी? आणि तो म्हणतो की नाही, जुन्या जवळिकीची आठवण ठेवायला हवी, परक्यापेक्षा मित्राला जास्त द्यावं असं आपण मानतो ना, तसं जे एकेकाळी मित्र होते त्यांनाही, त्या आधीच्या मैत्रीसाठी काहीतरी द्यायलाच हवं. आठवण दोघांनी ठेवायला हवी असं इथं म्हटलेलं नाही. एकानं ठेवली तरी चालते.

आठव्या भागात तर तो आयांचं उदाहरण देतो. मैत्री ही प्रेम मिळण्यापेक्षा प्रेम करण्यात जास्त आहे, असं सांगायचंय त्याला. काही आया आपलं मूल दुसऱ्याकडे वाढवायला देतात, म्हणतो, ते मूल कोण आहे हे त्यांना माहीत असतं आणि त्या त्याच्यावर प्रेम करत राहतात, परत प्रेम मिळावं अशी अपेक्षा न ठेवता, कारण दोन्ही शक्य नसतं. मूल सुखात आहे एवढं दिसलं तरी त्यांना पुरतं, जरी त्या मुलाला माहीतच नाही की ही आपली आई आहे. दोघांना माहीत असायला हवं अशी अट घालणारा माणूस, त्यानंच ही बाई दाखवली. आपल्या मुलाला रस्त्यात पाहणारी आणि ओळख न देणारी.

"मी इथं जवळच राहतो. बसू का जरा?"

हे वाचून झाल्यावर माझा काकांवरचा राग गेला. त्यांनी मैत्री सोडली नव्हती, मैत्री त्यांना फक्त "तू" या शब्दात राहून ठेवता येणार नव्हती. तू म्हटलं असतं तर बाबा घाबरले असते, कोण हा परका एकेरीवर येतो म्हणून. मागे एकदा माझ्या मावसभावानं खांद्यावर हात टाकला तर अंग चोरून घेतलं होतं.

आता आईचं सांगायला हवं, आणि तिचं सांगताना मला संकोच होतोय. बाबा आईलाही विसरले, काकांच्या आधीच विसरले. पण काकांना ते सभ्य परके झाले आणि आईच्या बाबतीत वेगळंच झालं. एकदा मी बाबांची उशी झटकत होते तर खाली अर्धं बिस्कीट सापडलं, कागदात गुंडाळलेलं. दुसऱ्या दिवशी परत. मी विचारलं तर म्हणाले, "त्या बाई येतात ना संध्याकाळी, त्यांच्यासाठी. सांगू नका कोणाला." त्या बाई म्हणजे आई. चोपन्न वर्षांचा संसार. मी आईला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही, पण कान लाल झालेले मला दिसले. थोड्या वेळानं म्हणाली, "साखरेचं होतं का खारं?" आणि मग पदर तोंडावर धरून बराच वेळ बसली.

प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मधे एरोसची एक गोष्ट आहे. अगाथोन नावाच्या नाटककाराला बक्षीस मिळालंय, इसवी सनापूर्वी 416 सालची मेजवानी, पाहुणे एकामागून एक एरोसची स्तुती करतायत, तो सुंदर, तो कोवळा, तो सगळ्यात मोठा देव. सॉक्रेटिसची पाळी आल्यावर तो म्हणतो की मला हे दिओतिमा नावाच्या एका बाईनं शिकवलं, आणि तिची गोष्ट सांगतो. सौंदर्याची देवी अफ्रोदिते हिच्या जन्माची मेजवानी चालू होती, दाराशी पेनिया भीक मागत आली होती, पेनिया म्हणजे गरिबी, उणीव. आत पोरोस अमृत पिऊन बागेत झोपलेला, पोरोस म्हणजे वाट काढणारा, युक्तीवाला. ती त्याच्याजवळ जाऊन निजली, आणि एरोस झाला. म्हणून एरोस सुंदरही नाही, कोवळाही नाही. तो राठ आहे, अनवाणी आहे, त्याला घर नाही, तो लोकांच्या उंबऱ्यावर, रस्त्यावर उघड्यावर झोपतो, आईसारखा कायम गरजू. आणि बापासारखा सतत काहीतरी बेत करणारा. कागदात बिस्कीट गुंडाळून उशीखाली लपवणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसात मला तोच दिसला. त्याच्याकडे काही नाही, नाव नाही, पत्ता नाही, समोरची आपली बायको आहे हेही नाही, आणि तरी त्याची योजना चालू आहे.

आपण एरोस म्हटलं की शरीर म्हणतो आणि पुढे जातो. प्लेटोच्या त्या संवादात मुद्दा उणिवेचा आहे. जे आपल्याजवळ नाही त्याची ओढ, तो एरोस. मग प्रश्न येतोच, जे आधीच जवळ आहे त्याची ओढ नसते का, संसार झालेल्यांना एरोस नाही का. त्यावर सॉक्रेटिस म्हणतो की निरोगी माणूसही निरोगीपणा मागतो, पण तो मागतो म्हणजे आत्ता आहे ते उद्याही असावं असं मागतो. उद्या आपल्या हातात नसतोच, तो कायम उणाच. बाबांना आई आत्ता नाही म्हणून तिची ओढ आहे, आणि आईला बाबा आत्ता आहेत पण उद्याचे हातातून निसटतायत म्हणून आहे. दोघांची उणीव दोन बाजूंनी. तेव्हापासून आई चारच्या आधी केस विंचरते, ती मोतिया रंगाची साडी नेसते जी फक्त लग्नाकार्याला निघायची, आणि संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसते, आणि ते बिस्कीट घेते. सॅफो या जुन्या ग्रीक कवयित्रीचा एक शब्द आहे, ग्लुकुपिक्रोन, एरोससाठी वापरलेला. आपण सवयीनं कडूगोड म्हणू, पण तिनं गोड आधी ठेवलंय, गोडकडू. आईच्या चेहऱ्यावर ते त्याच क्रमानं येतं. बिस्कीट घेताना आणि मग घेतल्यानंतर.

अगापेबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ होता. आम्हाला शिकवलं होतं की हे सर्वांत वरचं, देवाचं प्रेम, काही न मागणारं. ही उतरंड बरीचशी अलीकडची आहे, 1930 च्या दशकात अँडर्स नीग्रेन नावाच्या स्वीडिश धर्मशास्त्रज्ञानं एरोस आणि अगापेला अगदी समोरासमोर उभं केलं, एक मागणारं आणि एक देणारं. जुन्या ग्रीकमधे शब्द इतका सोवळा नाही. हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या, तामारच्या, मागे लागतो आणि तिच्यावर बळजबरी करतो, तिथं त्याच्या वासनेलाही हाच शब्द लावलाय. आणि आजच्या ग्रीसमधे मुलगा मुलीला म्हणतो 'सागापो', माझं तुझ्यावर प्रेम आहे, त्यात हेच अगापे आहे. त्यामुळे शब्दातच काही पावित्र्य भरलेलं आहे असं मी आता मानत नाही. पौल या सुरवातीच्या ख्रिस्ती प्रचारकानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना त्या शब्दाचं जे केलं ते मात्र वेगळंच आहे.

त्या पत्राचं तेरावं प्रकरण लोक लग्नात वाचतात. मुळात ते भांडणाऱ्या लोकांना लिहिलंय. दोनच प्रकरणं आधी पौल त्यांना झापतोय की तुम्ही एकत्र जेवायला जमता आणि एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो. मराठी बायबलमधे ओळ आहे, "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे." वाचताना वाटतं की प्रीतीचे गुण सांगितलेत, जसे मुलीच्या स्थळात लिहितात. ग्रीकमधे तिथं विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत. प्रीती धीर धरते. प्रीती दयेनं वागते. शेवटपर्यंत क्रियापदंच. म्हणजे अगापे ही कशी आहे हे सांगायचंच नाहीये त्याला, ती काय करते आणि काय करत नाही एवढंच सांगायचंय. त्यातलं एक क्रियापद तर हिशोबाच्या वहीतलं आहे, लोगिझेताइ, मांडणं, खात्यावर धरणं. अगापे वाईटाची नोंद करत नाही.

बाबांसाठी रात्रीच्या मावशी येतात, दोन वर्षं झाली. त्या एक वही ठेवतात, दोनशे पानी, रेघा मारून. बीपी, औषधाची वेळ, पाणी किती, झोप किती. एका रात्री दोनच्या सुमारास मला आवाज आला म्हणून गेले तर बाबांची चादर ओली झाली होती, त्या बदलत होत्या आणि बाबा घाबरून त्यांना मारत होते, चांगली जोरात थोबाडीत बसली, त्यांची बांगडी फुटली. त्या फक्त म्हणत होत्या, "झालं आजोबा, झालं, झालं." मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही झोपा." सकाळी मी वही पाहिली. 2.10 चादर बदलली. 2.30 पाणी अर्धा ग्लास. 3.00 झोपले. मागची सगळी पानं चाळली. त्या आधीही मार खाल्ला असणार, मनगटावर जुने वळ मी पाहिले होते. दोन वर्षांच्या वहीत एकदाही ते लिहिलेलं नाही.

त्या पगार घेतात. मग हे अगापे कसं, असं मला स्वतःलाच वाटलं होतं, निरपेक्ष हवं ना. तेव्हा बायबलमधली ती चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवली, वाटेत लुटलेला माणूस पडलाय आणि परक्या जातीचा एक प्रवासी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो. सगळं कौतुक त्याचं, आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या दिवशी तो दोन दिनार धर्मशाळावाल्याच्या हातावर ठेवून जातो, जास्त लागले तर येताना देतो म्हणून. दिनार म्हणजे तेव्हा मजुराचा एक दिवसाचा रोज. पुढच्या रात्री त्या जखमी माणसाशी कोण होतं? पट्ट्या कोणी बदलल्या? त्या धर्मशाळावाल्यानं पुढे काय केलं याबद्दल गोष्टीत एक शब्द नाही. पैसे घेतले म्हणून त्यानं पाण्याचा ग्लास मायेनं दिला नसेल असं कशावरून?

वही मी पण ठेवते. कागदावर नाही. भाऊ परदेशात आहे, तो रविवारी व्हिडिओ कॉल करतो, "बाबा, ओळखलंत का मला," विचारतो, आणि मग मला सांगतो की त्यांना बदाम देत जा. प्रत्येक रविवार माझ्याकडे मांडलेला आहे, तारीख आणि वेळेसकट. बाबांना आंघोळ घालताना कधी कधी माझा हात जरा जास्त जोरात चालतो, साबण डोळ्यात जातो, तेही मांडलेलं आहे, माझ्याच खात्यावर. माझं बाबांवर जे आहे त्याला या तिघांतला कोणता शब्द लावायचा मला समजत नाही. ग्रीकांकडे आणखी एक शब्द आहे, स्टोर्गे, घरातल्या रक्ताच्या माणसांचा जिव्हाळा, तो लावून पाहिला. थोडा बसतो. कधी लहानपणी त्यांनी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं होतं ते आठवतं आणि त्या क्षणी बसतो, पुढच्या क्षणी ते भात थुंकतात आणि बसत नाही. आधी याचा मला फार त्रास व्हायचा, की माझं प्रेम कोणत्या प्रतीचं. आता मी खण भरत नाही, शब्द हातात घेऊन विचारते. आत्ता मला यांच्याकडून काही हवंय का? आत्ता आम्ही काही वाटून घेतोय का? आत्ता मी जे करतेय ते नुसतं करतेय, की मांडतेय? एका आंघोळीत तीनही उत्तरं बदलतात.

आईलाही मी हे एकदा सांगायचा प्रयत्न केला, एरोस आणि त्याची भिकारीण आई वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बाईनं पोराला उंबऱ्यावर झोपू दिलं? आत नाही घेतलं?" मी म्हटलं गोष्टीत तसं काही नाही. ती म्हणाली, "घेतलं असणार."

परवा शुक्रवारी काका आले. हल्ली ते दारातच हात जोडतात, बाबाही जोडतात. "आपण जवळच राहता ना?" बाबांनी विचारलं. "हो, इथंच." एवढं मात्र बाबांच्या लक्षात राहायला लागलंय, की कोणीतरी जवळ राहतं. काकांनी रुमाल पसरला, पुडी सोडली. बाहेर पाऊस नव्हता, ऊन होतं, खिडकीच्या गजांची सावली दोघांच्या पायांवर पडली होती. मी चहा घेऊन गेले तर काका दाणे चोळत होते आणि बाबा त्यांच्या त्या अर्ध्या बोटाकडे बघत होते, खूप वेळ. मग बाबांनी हात पुढे केला, ते बोट आपल्या दोन बोटांत धरलं, दाणा धरावा तसं, आणि हळूच चोळलं. काका हलले नाहीत. "दुखतं का?" बाबांनी विचारलं. "आता नाही," काका म्हणाले. "आपण भेटला होतात तेव्हा दुखायचं."

बाबांनी मान डोलावली, बशीतला एक दाणा उचलला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. "घ्या ना आपणही," म्हणाले, "मला एकट्याला काय करायचेत एवढे."

रुमालावर मीठ साठलं होतं, चिमूटभर. काका जाताना तो खिडकीतून झटकतात. त्या दिवशी विसरले, तसाच घडी घालून खिशात टाकून गेले.